मदत हवी आहे: बॅगेवर ५० लिटर, मापात मात्र ३६
भाऊ-ताईंनो, चिखलदरा-गाविलगडच्या दोन दिवसांच्या ट्रेकसाठी परतवाड्यात एक सॅक पाहिली. लेबलवर ५० लिटर, आणि माप उंची ६०, रुंदी ३०, खोली २० सेंमी. गुणाकार ३६,००० घन सेंमी, म्हणजे ३६ लिटरच. त्यात सॅकचे कोपरे गोल, म्हणजे मुख्य कप्पा त्याहूनही कमीच भरणार.

उरलेले १४ लिटर वरच्या टोपीत आणि बाजूच्या खिशांत धरले असतील का? मला ते जास्तच वाटतात. की माप रिकाम्या, चपट्या सॅकचं असेल? भरल्यावर खोली २८ झाली तर हिशेब पन्नासवर जातो, पण मग वजन पाठीपासून लांब जाऊन खांदे मागे ओढले जातील. दुकानात कपडे कोंबून, टेपनं नेमकं कुठून कुठे मोजू? वापरणाऱ्यांनी सांगा.