पुट महाग दिसला म्हणजे पॅरिटी मोडली का?

नवा_गुंतवणूकदार: शेअर 100 वर आहे. एका वर्षाच्या मुदतीचा, 100 स्ट्राइकचा कॉल, म्हणजे शेअर 100 ला घेण्याचा हक्क, 8 ला आणि पुट, म्हणजे 100 ला विकण्याचा हक्क, 6 ला दिसतो. व्याजदर 5 टक्के. पॅरिटी, म्हणजे कॉल आणि पुटच्या भावांतला ठरलेला संबंध, उघड मोडली आहे, तरी कोणी हात घालत नाही. हे गणित निव्वळ पुस्तकी आहे.

गणिती: इतके सरसकट विधान वाचून गप्प बसवत नाही. वर्षाअखेरच्या 100 चे आजचे मूल्य 95.24 आहे, म्हणून कॉल पुटपेक्षा 4.76 ने महाग हवा. इथे तो केवळ 2 ने महाग आहे. शेअर उसना घेऊन 100 ला विकला, पुट 6 ला विकला आणि कॉल 8 ला घेतला, तर हाती आलेले 98 वर्षभरात व्याजासह 102.90 होतात. भाव 130 झाला तर कॉल वापरून आणि 70 झाला तर विकलेल्या पुटमुळे, शेअर आपल्याला 100 लाच मिळतो; तो परत केला की 2.90 उरतात. मात्र उसन्या शेअरचे भाडे वर्षाला 3 असेल, तर नफ्याच्या जागी 0.10 तोटा होतो. मधे लाभांश निघाला तर तोही मूळ मालकाला आपणच भरून द्यायचा असतो.

जुना_ट्रेडर: इतका हिशेब कशाला? पुट महाग आहे, याचा अर्थ बाजाराला घसरण दिसते आहे.

गणिती: साफ चूक. घसरणीची धास्ती असेल तर शेअरचाच भाव उतरेल. या समीकरणात कोणाच्या मताला जागाच नाही.

जुना_ट्रेडर: मग 2000 साली थ्रीकॉम कंपनीने आपल्या पाम या उपकंपनीचे थोडे शेअर बाजारात आणले तेव्हा काय झाले? पामचे पुट कॉलच्या तुलनेत कितीतरी महाग होते, आणि ऑप्शनवरून निघणारा शेअरचा भाव प्रत्यक्ष भावाच्या बराच खाली होता.

गणिती: कारण पामचे शेअर उसने मिळणेच दुर्मिळ होते. शॉर्ट करण्याची वाट बंद झाली की मंदीवाल्यांचे मत पुटमधून बाहेर पडते, एवढ्यापुरते तुमचे म्हणणे मान्य करावे लागेल.

सावध: तुम्ही दोघे भाड्यावर भांडत आहात, पण हे भाव एकाच क्षणाचे आहेत का? मी बाजार बंद झाल्यावरच्या तक्त्यात असेच अंतर पाहून दुसऱ्या दिवशी धावलो होतो. कॉलचा शेवटचा सौदा सकाळचा होता आणि पुटचा दुपारचा. मधल्या वेळात शेअर वाढला होता. खरेदी-विक्रीचे चालू भाव पाहिल्यावर अंतर उरलेच नाही. वर ब्रोकरने तिन्ही बाजूंचे मार्जिन वेगवेगळे मागितले, याचा राग अजून आहे.

गणिती: मार्जिनचा राग रास्त आहे, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. मूळ प्रश्नकर्त्याने आधी हे सांगावे की 8 आणि 6 हे शेवटच्या सौद्याचे भाव आहेत, की त्या क्षणी खरेच मिळणारे.

नवा_गुंतवणूकदार: शेवटच्या सौद्याचे. पण हे ऑप्शन मुदतीआधीही वापरता येतात, मग तुमचे 4.76 तरी कुठे बरोबर ठरते?

गणिती: हा मुद्दा बिनतोड आहे. तसे असेल तर ठाम बरोबरीऐवजी मर्यादा मिळते: लाभांश नसताना फरक 0 ते 4.76 यांच्यामध्ये कुठेही चालतो, आणि तुमचे 2 त्यात बसतात.