मदत हवी आहे: स्पर्शाच्या व्यायामात ताठरता आली, तर तिथेच थांबायचं का?

सागर_३४: दमलेलो असताना एकदा ताठरता टिकली नाही. तेव्हापासून जवळ गेलो की डोक्यात एकच, "आज टिकेल ना?" आणि नेमकी जाते. सकाळी जाग येते तेव्हा मात्र व्यवस्थित असते. साखर, रक्तदाब तपासून झालं, ठीक आहे. समुपदेशकांनी सध्या संभोग बंद ठेवून आळीपाळीने अंगभर स्पर्श करायला सांगितलंय, स्तन आणि जननेंद्रियं वगळून. त्यात ताठरता आपोआप येते! मला वाटतं, आहे तोवर पुढे जावं. बायको म्हणते, नियम मोडायचा नाही. काय करावं?

निखिल_प: एवढं कशाला? डॉक्टरांकडून गोळी घ्या, आत्मविश्वास येईल.

मीरा (समुपदेशक): निखिल, गोळीचा काहींना आधार होतो, पण "टिकेल ना?" म्हणून स्वतःवर ठेवलेला पहारा सुटत नाही. शिवाय छातीदुखीवर नायट्रेट चालू असेल तर ती घ्यायचीच नाही.

सागर, वहिनींचं बरोबर आहे. "आहे तोवर" म्हटलं की परीक्षा सुरू झाली. भीतीने ॲड्रेनॅलिन वाढतं, शिश्नातल्या रक्तवाहिन्या आखडतात, रक्त कमी भरतं. लक्षही स्पर्शावरून उडून ताठरतेवर जातं. ती गेली की पुढच्या वेळच्या भीतीला पुरावा मिळतो. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांनी १९७० मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा संभोगबंदी त्यासाठीच होती.

समुपदेशक पुढच्या टप्प्यावर नेतील तेव्हा जननेंद्रियांनाही स्पर्श येईल. तिथे ताठरता आली की वहिनींनी हात मुद्दाम पाठीवर न्यावा. ओसरू द्या, मग परत या. गेलेली परत येते हे शरीराने पुन्हा पुन्हा अनुभवलं की धास्ती सैल पडते. त्यानंतर वहिनींनी वर येऊन नुसतं आत घ्यायचं, हालचाल न करता. हालचाल सगळ्यात शेवटी.

अनामिका: माझं पण हेच. दुखेल या भीतीने माझं अंग आवळतं, आणि मग दुखतंच. आम्हीही हेच करू का?

मीरा: चक्र तसंच आहे, पण आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण दुखण्याला जंतुसंसर्गासारखं कारण असू शकतं. दुखत असताना रेटू नका. थांबायचं कधी, ते तुम्ही ठरवायचं.

सागर_३४: कळलं, थांबतो. पण स्पर्श करायची वेळ माझी असते तेव्हा मी सारखा बघत राहतो, तिला आवडतंय का.

मीरा: तीही परीक्षाच झाली. त्वचा कुठे गार, कुठे ऊबदार, कुठे खरखरीत, एवढंच बोटांनी टिपा. तिला नको वाटलं तर ती तुमचा हात बाजूला करेल, हे आधीच ठरवून ठेवा.

सागर_३४: हे आज सांगतो तिला. एक मात्र सुटत नाही. मी मध्येच थांबलो की तिला वाटतं, मला ती नकोशी झालीय. नियम तिचाच, तरी वाटतं. यावर कोणी काही केलंय का?