दिवाळीच्या घरच्या फोटोला ओळ हवी आहे (आज रात्री नऊच्या आत!)

खळ्यातला
२२ ऑक्टोबर २०२५, दुपारी ४:१०

घरच्या सगळ्यांचा दिवाळीचा फोटो आहे, अकरा माणसं. खाली एक-दोन ओळी हव्यात. आईचं म्हणणं, परंपरेला धरून पाहिजे. भाचीचं म्हणणं, बँकेच्या कॅलेंडरसारखं नको. मी आत्तापर्यंत 'प्रकाशाचा उत्सव, आनंदाची उधळण' एवढंच लिहू शकलोय आणि तेही दोघींनी नापास केलंय. पटापट सुचवा, वेळ नाही.

पेठकरी

तमसो मा ज्योतिर्गमय. संपला विषय. ऋग्वेदातली ओळ आहे, यापेक्षा परंपरा ती काय?

अनुस्वार

@पेठकरी, ऋग्वेदातली नाही. बृहदारण्यक उपनिषदातली आहे. आणि तिथे ती असत्याकडून सत्याकडे, मृत्यूकडून अमृताकडे यांच्यामधली ओळ आहे. दिवाळीचा तिच्याशी काही संबंध नाही. लावायला हरकत नाही, पण अकरा माणसांच्या फोटोखाली ती लावली काय आणि पतपेढीच्या डायरीवर छापली काय, सारखंच.

धागाकर्ते, तुमच्या ओळीत 'उधळण' आहे. फोटोत कोणी काही उधळतंय का?

कंदीलवाली

फोटो कुठेय? मला दिसत नाहीये की लावलाच नाही?

शटरबहाद्दर

दिव्यांच्या उजेडात फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, आयएसओ ८०० ते १६०० च्या मध्ये ठेवा आणि शक्य असेल तर तिपाई वापरा. पणत्या माणसांच्या मागे नको, पुढे ठेवा, म्हणजे चेहऱ्यावर उजेड येतो. मागे ठेवल्या की माणसं काळी येतात.

खळ्यातला

@शटरबहाद्दर फोटो काढून झालाय हो!!
@कंदीलवाली घरच्यांचे चेहरे आहेत, इथे लावणार नाही. दिवाळीचा नेहमीचा फोटो आहे.

घाटावरची

नेहमीचा म्हणजे कुठला? वसुबारस ते भाऊबीज, सहा दिवसांत सहा तऱ्हेचे फोटो निघतात. लक्ष्मीपूजनाच्या फोटोला 'पहाट' लिहिलंत तर लोक हसतील. आमच्याकडे एकीने पाडव्याला नवऱ्याला ओवाळतानाचा फोटो टाकला आणि खाली भाऊबीजेच्या शुभेच्छा. अजून चेष्टा चालू आहे तिची.

दिवस कुठला, घर कुठलं, हातात काय आहे, एवढं तरी सांगा.

खळ्यातला

बरं. नरक चतुर्दशी, सोमवारी पहाटे. घर वेंगुर्ल्याजवळ. खळ्यात तुळशीपाशी सगळे उभे आहेत, आजी मध्ये खुर्चीत. भाऊ कारीट फोडतोय आणि धाकट्या भाचीने नुकतंच ते जिभेला लावलंय, त्यामुळे तिचं तोंड वाकडं. बाकीचे तिच्याकडे बघून हसतायत. म्हणून आई म्हणते फोटो बिघडला, नीट उभं राहून दुसरा काढायला हवा होता.

अनुस्वार

आणि हे तुम्ही 'नेहमीचा फोटो' म्हणून सांगत होतात?

कंदीलवाली

कारीट म्हणजे ते चिरांटंच ना? आमच्याकडे डोंबिवलीत उटण्याच्या पाकिटाशेजारी चार-पाच ठेवलेली असतात विकायला. पण आम्ही आंघोळ झाल्यावर दाराशी फोडतो. डाव्या पायाच्या अंगठ्याने. जिभेला वगैरे लावत नाही, नुसतं कपाळाला.

पेठकरी

आंघोळीनंतरच फोडायचं असतं. आधी फोडणं चूक.

मालवणी_मिरची

चूक कशी? आमच्याकडे आधी तुळशीकडे 'गोविंदा गोविंदा' म्हणून कारीट फोडायचं, त्याचा थेंब जिभेला, मग आंघोळ आणि मग पोहे. शेजारच्या वाडीत आधी आंघोळ करतात. नरकासुर दोन्हीकडे मरतो.

पेठकरी

शास्त्रात क्रम दिलेला असतो.

मालवणी_मिरची

त्या शास्त्रात पोहे किती प्रकारचे करायचे तेही दिलंय का? आमच्याकडे पाच. गोडे, तिखट, दह्याचे, दुधातले आणि नारळाच्या रसातले. पहाटे पाचला हे पाचही चाखून एखाद्याने क्रमाबद्दल वाद घालून दाखवावा.

घाटावरची

धागा पोह्यांत बुडायच्या आत: खळ्यातला, ही ओळ वाचणार कोण? इन्स्टावर टाकताय, ग्रुपवर, की छापताय? नऊची घाई कसली?

खळ्यातला

छापायचंय. चौकटीत बसवून आत्याला द्यायचा, उद्या भाऊबीजेला. ती बारा वर्षांनी दिवाळीला येतेय. फोटोवाल्याचं दुकान आज नऊपर्यंतच उघडं आहे. हे सांगायचं राहिलं का?

अनुस्वार

हो, राहिलं. आणि यानेच सगळं बदलतं. आत्याला कारीट म्हणजे काय ते सांगायला नको, तुळस कुठली ते सांगायला नको, दिवाळी प्रकाशाचा सण आहे हे तर नकोच नको. फोटोत जे तिला दिसणारच आहे ते खाली परत लिहू नका. जे दिसत नाही ते लिहा. फोटोत आवाज येत नाही. त्या क्षणी कोण काय म्हणालं?

खळ्यातला

कोण काय म्हणणार? आजी नेहमीचंच म्हणाली. भाची थुंकायला लागली तेव्हा, 'आधी कडू खा, मगे फॉव.' दर वर्षी हेच म्हणते, आम्हाला पण म्हणायची.

मालवणी_मिरची

अरे मग शोधताय काय!

अनुस्वार

मिळाली ओळ. आत्याही लहानपणी हेच ऐकून थुंकली असणार.

आता तुमची पहिली ओळ आणि ही शेजारी शेजारी ठेवून बघा. 'प्रकाशाचा उत्सव' कुणाच्याही घरच्या फोटोला चालतो. 'आधी कडू खा, मगे फॉव' फक्त याच फोटोला लागतं, आणि तरी कारीट, पोहे, चतुर्दशी, सगळी परंपरा तीत आहे. परंपरा वेगळी वरून चिकटवायला नको.

आईसाठी दुसरी ओळ तिथीची. आपले आजोबा-पणजोबा फोटोमागे लिहायचे तशी. म्हणजे:

'आधी कडू खा, मगे फॉव.'
आश्विन वद्य चतुर्दशी, शके १९४७

बस. 'शुभ दीपावली' नको, आत्या स्वतःच दिवाळीला आलेली आहे.

घाटावरची

+१. फक्त आजीचं नाव कुठे? वाक्य तिचं आहे. पुढे रेघ ओढून 'आजी' तरी लिहा.

अनुस्वार

आत्याची ती आई. चौकट आत्याच्या घरी लागणार, तिथे 'आजी' विचित्र वाटेल. नाव नसलं तरी आत्या आवाज ओळखेल. पण नावं महत्त्वाची आहेत खरी. चौकटीच्या मागे पेन्सिलने अकरा जणांची नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. पुढे फक्त वाक्य.

घाटावरची

नाही पटलं. आणखी तीस वर्षांनी त्या चौकटीसमोर जो उभा राहील त्याला कोण सांगणार आवाज कुणाचा? मागची पेन्सिल कोण बघतं?

सह्याद्रीपुत्र

परंपरेचा विषय निघालाच आहे तर किल्ल्यांबद्दल कुणीच बोलत नाही याचं आश्चर्य वाटतं. यंदा बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यात तुमचा सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गही आहे. आमच्या सोसायटीतल्या मुलांनी मातीची जिंजी केली. फोटोत किल्ला असता तर ओळ आपोआप सुचली असती.

खळ्यातला

फोटोत किल्ला नाही. ७:२० झालेत. 'फॉव' लिहू की 'पोहे'? आई म्हणते छापील मजकुरात 'मगे' बरं दिसत नाही.

पेठकरी

'आधी कडू खा, मग पोहे.' प्रमाण मराठीत लिहा. उद्या कोणी वाचलं तर कळायला नको?

मालवणी_मिरची

कोण वाचणार? आत्या! तिला 'मग पोहे' म्हटलं तर वाटेल पुण्याहून कोणीतरी आलंय. फॉवच. गोव्याकडचे फोव लिहितील, तुमची आजी जसं बोलते तसं लिहा.

अनुस्वार

ग्रुपवर टाकाल तेव्हा पेठकरींचं बरोबर आहे, तिथे बाहेरचे लोक असतात. तिथे आजीच्या वाक्यानंतर साधं लिहा: 'कारीट चाखल्याशिवाय आमच्याकडे पोहे मिळत नाहीत.' चौकटीवर ते नको. एक फोटो, दोन वाचणारे, दोन ओळी.

कंपोझिटर

उशिरा आलो. सगळे शब्दांत गुंतलेत म्हणून सांगतो, खरा घोटाळा दुकानात होतो. फोटोवाला तुमचा व्हॉट्सॅपवरचा मजकूर उचलून Photoshop मध्ये टाकणार. तिथली सेटिंग मराठीसाठी नसली तर पहिली वेलांटी जागा सोडते, अक्षराच्या डावीकडची उजवीकडे जाते. जोडाक्षरं सुटतात, पाय मोडलेले दिसतात, आणि रफार वर चढायच्या ऐवजी ओळीतच बसतो. तुमच्या दुसऱ्या ओळीत 'आश्विन' आणि 'चतुर्दशी' आहेत, म्हणजे हे सगळे धोके दोन शब्दांत.

त्याला सांगा, Photoshop जुनं असेल तर Preferences मध्ये Type खाली `World-Ready Layout` निवड आणि मग नवीन फाइल उघडून मजकूर टाक. तो नाही म्हणाला तर तुम्ही फोनवरच ओळी नीट टाइप करून त्याचं मोठं PNG पाठवा, तो नुसतं चित्र म्हणून लावेल. छापायच्या आधी पडद्यावरचा फोटो मागवा आणि 'श्वि' आणि 'र्द' डोळे फाडून बघा.

खळ्यातला

हे कामाचं. निघतो दुकानात. 'फॉव' ठेवतोय. आजीचं नाव नाही घातलं, घाटावरची रागावू नका.

घाटावरची

रागावले नाही. चूक करताय एवढंच.

खळ्यातला
२३ ऑक्टोबर, रात्री १०:४५

फोटोवाल्याला ती सेटिंग सापडली नाही, म्हणून PNG दिलं. 'श्वि' आणि 'र्द' तीनदा तपासले, झकास आले. आत्याने चौकट हातात घेतली, वाचली आणि आजीकडे बघून म्हणाली, 'माका तर कडू दोनदा चाखूक लावलंस.' आजी म्हणते, नाही लावलं. दोघींचं अजून चालू आहे.

आईने मात्र एक दाखवलं. मी घाईत 'अश्विन' टाइप केलंय. काना नाही.

अनुस्वार

…

कंपोझिटर

मी जोडाक्षर बघा म्हणालो होतो. 'अ' बघा असं नव्हतं म्हटलं.

मालवणी_मिरची

राहू दे. पोहे पाचही केले होते का?

कंदीलवाली

अवांतर: आमच्याकडे उरलेली दोन चिरांटी फ्रीजमध्ये आहेत. आता त्यांचं काय करतात?