मदत हवी आहे: 'नीड'नंतर 'टू' लावायचा की 'आयएनजी'?

घरराखण:
मी बार्देशातील एका जुन्या घराची देखभाल पाहतो. घराचे मालक परदेशात राहतात आणि त्यांना मराठी किंवा कोकणी समजत नाही, त्यामुळे पावसाळ्याआधी करायच्या कामांची यादी मी दरवर्षी इंग्रजीत पाठवतो. यंदाची यादी वाचून त्यांनी कळवले की 'नीड' असलेली बरीच वाक्ये विचित्र आहेत आणि एका वाक्याचा अर्थ तर त्यांनी उलटाच घेतला. 'नीड'नंतर 'टू' लावायचा की 'आयएनजी', एवढेच कोणीतरी निश्चित सांगावे. सुधारलेली यादी आज संध्याकाळपर्यंत पाठवायची आहे.

डिचोलीकर:
आपण वाक्येच दिलेली नाहीत, मग कोणाला काय सांगता येणार? कोणत्या वाक्याचा अर्थ उलटा लागला, हेही लिहावे.

निवृत्त शिक्षिका:
नियम सोपा आहे आणि मी तो अनेक वर्षे वर्गात शिकवला आहे. कर्ता माणूस असेल तर 'टू' आणि निर्जीव वस्तू असेल तर 'आयएनजी'. 'आय नीड टू वॉश द शर्ट', पण 'द शर्ट नीड्स वॉशिंग'. यापलीकडे काही लक्षात ठेवण्याची गरज नाही.

घरराखण:
वाक्ये सर्वांना ठाऊक असतात तशीच आहेत, म्हणून दिली नव्हती. तरी देतो. गेट रंगवायला हवे, याचे मी 'द गेट नीड्स टू पेंट' केले. गाद्या दोन दिवस वाळायला हव्यात, याचे 'द मॅट्रेसेस नीड टू ड्राय फॉर टू डेज'. वायरिंग एकदा पाहायला हवे, याचे 'द वायरिंग नीड्स टू लुक'. गवंड्याला 4,000 रुपये द्यायला हवेत, याचे 'द मेसन नीड्स टू पे 4,000 रुपीज'. या शेवटच्या वाक्यावरून मालकांनी विचारले की गवंडी आपल्याला पैसे का देणे लागतो. शिक्षिकाबाईंच्या नियमाने हे वाक्य बरोबर ठरते, कारण गवंडी माणूस आहे.

परीक्षार्थी:
माझ्या सराव प्रश्नपत्रिकेत 'द रूम नीड्स' असे देऊन पुढे 'टू क्लीन', 'क्लीनिंग' आणि 'बीइंग क्लीन्ड' असे तीन पर्याय होते. मी तिसरा निवडला, कारण खोली स्वतः साफसफाई करत नाही, म्हणजे कर्मणी प्रयोग हवा असे मला वाटले. उत्तर मात्र 'क्लीनिंग' होते. माझे गुण का गेले, हे मला अजून समजलेले नाही.

पणजीतील अनुवादक:
दोघांच्या प्रश्नांचे मूळ एकच आहे. इंग्रजीत 'नीड्स टू पेंट' म्हटले की रंगवण्याचे काम 'नीड'च्या कर्त्याकडेच जाते, म्हणजे गेटनेच हातात ब्रश घ्यायचा. 'नीड्स पेंटिंग' म्हटले की गेटवर ते काम व्हायचे असते आणि ते कोण करणार हे मोकळे राहते. 'पेंटिंग' हे रूप दिसायला कर्तरी असले तरी 'नीड'नंतर त्याचा अर्थ कर्मणी होतो. म्हणूनच 'बीइंग क्लीन्ड' चालत नाही, कारण जे आधीच कर्मणी आहे त्याला पुन्हा कर्मणी केल्यासारखे ते होते. 'टू'च ठेवायचा असेल, तर मात्र कर्मणी उघडपणे लिहावे लागते: 'द गेट नीड्स टू बी पेंटेड'.

आपली चूक होते ती मराठीच्या सवयीमुळे. 'मला गेट रंगवायला हवे' आणि 'गेट रंगवायला हवे' या दोन्ही वाक्यांत 'रंगवायला' हे एकच रूप चालते आणि करणारा कोण हे आपण संदर्भावरून ओळखतो. कोकणीतही 'रंगोवंक जाय' म्हणताना तसेच होते. इंग्रजीत ती मोकळीक नाही. 'गेट रंगवायला झाले आहे' असे आपण म्हणतो, ते मला 'नीड्स पेंटिंग'च्या सर्वांत जवळचे वाटते.

आता गवंडी. त्याने पैसे द्यायचे नसून त्याला मिळायचे आहेत, म्हणून तो माणूस असला तरी 'द मेसन नीड्स पेइंग' हेच बरोबर. मात्र पुढे रक्कम लिहायची असल्यास 'नीड्स टू बी पेड 4,000 रुपीज' असे लिहावे, कारण 'पेइंग'मागे रक्कम आली की वाचणारा पुन्हा गोंधळतो.

निवृत्त शिक्षिका:
गवंड्याचे उदाहरण मला मान्य आहे. परंतु निर्जीव वस्तूंबाबत माझा नियम तसाच उभा राहतो. गाद्यांचे वाक्य 'नीड ड्राइंग' असेच हवे.

पणजीतील अनुवादक:
बाई, इथे मी नम्रपणे असहमत आहे. यादीतले गाद्यांचे वाक्य मुळातच बरोबर आहे. 'ड्राय' हे क्रियापद गादीला स्वतःचे म्हणूनही लागते, जसे आपले 'वाळणे'. गाद्या उन्हात पडून दोन दिवसांत आपोआप वाळतात, म्हणून 'नीड टू ड्राय'. कोणीतरी त्या वाळवायच्या असतील, तर 'नीड ड्राइंग'. 'द राइस नीड्स टू कुक फॉर 20 मिनिट्स' हेही असेच शुद्ध आहे.

मराठी माणसाला याची एक सोपी कसोटी जवळच आहे. वाळणे आणि वाळवणे, शिजणे आणि शिजवणे, उकळणे आणि उकळवणे अशा जोड्यांमधले पहिले रूप मनात आले तर 'टू' आणि दुसरे आले तर 'आयएनजी'. धुणे किंवा कापणे यांना अशी जोडी नाही. शर्ट स्वतःहून धुवत नाही, म्हणून तिथे 'नीड्स टू वॉश' कधीच बसत नाही.

तारवटी:
मी बरीच वर्षे जहाजावर होतो. आमचे एक स्कॉटिश इंजिनिअर नेहमी 'द पंप नीड्स क्लीन्ड' म्हणत, 'टू बी' नाही आणि 'आयएनजी'ही नाही. ते इंग्रजीतच वाढलेले, त्यामुळे मीही तसेच बोलू लागलो. तेव्हा 'द गेट नीड्स पेंटेड' लिहिले तरी चालेल.

निवृत्त शिक्षिका:
हे अशुद्ध आहे. कृपया नवशिक्यांना असे सांगू नये.

पणजीतील अनुवादक:
अशुद्ध म्हणणे मला पटत नाही. स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि अमेरिकेत पिट्सबर्गच्या आसपास लोक तसेच बोलतात आणि तिथे ते सहज वाटते. पण मालक त्या भागातले आहेत की नाहीत हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून पत्रात ते घालू नये.

फोंड्याचा वाचक:
'नीडन्ट' वापरले तर 'टू' लागत नाही. 'यू नीडन्ट पेंट द गेट' हे बरोबर आहे. हे कोणीच कसे सांगितले नाही?

डिचोलीकर:
कारण ते कोणी विचारलेले नाही. तिथेही रंगवणारे 'यू'च आहेत. गेटला काम नको असेल तर 'द गेट डझन्ट नीड पेंटिंग' म्हणावे लागेल.

घरराखण:
सर्वांचे आभार. गेट 'नीड्स पेंटिंग' केले, गवंडी 'नीड्स टू बी पेड' केला आणि गाद्या होत्या तशाच ठेवल्या. वायरिंगचे 'नीड्स लुकिंग' केले आहे, ते ठीक आहे का? शिवाय छपराची मंगळुरी कौले जुन्याच गवंड्याने बदलावीत असेही लिहायचे आहे. 'द टाइल्स नीड चेंजिंग बाय द सेम मेसन' चालेल का?

पणजीतील अनुवादक:
'लुकिंग'नंतर 'ॲट' राहायलाच हवा: 'द वायरिंग नीड्स लुकिंग ॲट'. 'लुक ॲट' म्हणजे तपासणे. 'ॲट' गाळला की वायरिंगकडे बघायचे आहे हा अर्थच उरत नाही. कौलांच्या वाक्यात करणारा सांगायचा आहे, म्हणून मी 'नीड टू बी चेंज्ड बाय द सेम मेसन' लिहीन. 'आयएनजी'च्या वाक्यात करणारा सहसा बाहेरच राहतो.

निवृत्त शिक्षिका:
'बाय'सह 'आयएनजी' मी छापील मजकुरात वाचलेले आहे. ते चूक म्हणता येणार नाही.

पणजीतील अनुवादक:
चूक मीही म्हणत नाही, बाई. माझ्या कानाला ते अडखळते, एवढेच.

घरराखण:
'टू बी चेंज्ड' लिहून यादी पाठवली आहे. मालकांचे उत्तर आले की इथे कळवतो.