मदत हवी आहे: उभ्या गाडीचे किलोमीटर साप्ताहिक अहवालातून कसे वगळावेत?

आमच्या मालवाहू गाड्यांच्या जीपीएस नोंदींवरून मी दर आठवड्याचा अंतर आणि डिझेलचा अहवाल बनवतो. लागोपाठच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं आणि बेरीज करायची, एवढीच पद्धत. पण एका गाडीचं अंतर १,२१२ किमी येतंय, ओडोमीटरवर मात्र १,१४० आहे.

कारण सापडलंय. गाडी रात्री १२ तास उभी असते आणि दर ३० सेकंदांनी नोंद येते, म्हणजे १,४४० बिंदू. प्रत्येक बिंदू सरासरी ७ मीटर इकडेतिकडे सरकतो, की रात्रीत १० किमी झाले! सात रात्रींचे ७०. डिझेल २८५ लिटर धरलं तर ॲव्हरेज ४ ऐवजी ४.२५ दिसतं. मला हे जास्त खटकतं, कारण जी गाडी जास्त उभी, तीच जास्त चांगली दिसते.

`speed` ५ च्या खाली असलेले बिंदू गाळून पाहिले, तर अंतर १,०९० वर आलं. कोंडीत रांगत कापलेलं अंतरही त्यात गेलं असावं. `ignition` ची नोंद सगळ्या गाड्यांना नाही, नाहीतर प्रश्नच नव्हता.

आता असा विचार आहे: शेवटचा ग्राह्य बिंदू धरून ठेवायचा आणि नवा बिंदू त्यापासून ३० मीटरपेक्षा लांब गेला तरच अंतर मोजायचं. हे कुणी वापरलंय का? शेडखाली उभ्या गाडीचा बिंदू कधीकधी २०० मीटर उडी मारून परत येतो, तो कसा ओळखता? आणि ३० मीटर ही मर्यादा सगळ्या गाड्यांना एकच ठेवावी, की प्रत्येकीच्या ओडोमीटरशी ताडून ठरवावी?