दहा मार्कांचं उत्तर: चार समान भागांचा साचा चालतो का?

कोरी_पुरवणी: समाजशास्त्राच्या दहा मार्कांना डोकं लावू नका. व्याख्या, सिद्धांत, उदाहरण, निष्कर्ष, प्रत्येकी पाव पान. व्याख्या पाठ करा, विचारवंत आणि साल टाका, संपलं.

लाल_शाई: क्रम ठीक आहे, पण समान पाव पानानेच घात होतो. प्रश्न घ्या: ‘मर्टनच्या मते विचलन समाजरचनेतूनच कसे निर्माण होते?’ मार्क ‘कसे’ला आहेत, आणि ते येतं सिद्धांतात. तीन तासांत शंभर मार्क म्हणजे दहा मार्कांना अठरा मिनिटं, एक हाताशी राखलं तर जेमतेम सतरा. दोन मिनिटं कच्चे मुद्दे, दोन व्याख्येला, सात सिद्धांताला, चार उदाहरणाला, दोन निष्कर्षाला. व्याख्या पाठ असते म्हणून हात तिथेच रेंगाळतो. सहा मिनिटं तिथे गेली, की मर्टनचे पाच प्रतिसाद नुसत्या यादीसारखे उरकले जातात आणि कारण लिहायचं राहून जातं. लिहून झाल्यावर सिद्धांताच्या परिच्छेदात ‘म्हणून’ शोधा. नसेल तर ती यादीच आहे.

कोरी_पुरवणी: तपासणारा एवढं वाचतो होय! उत्तराला दोन मिनिटं देतो, ठळक शब्द शोधतो.

लाल_शाई: दोनच मिनिटं देतो म्हणूनच पहिल्या तीन ओळींत प्रश्नाचं उत्तर हवं. ‘समाज सगळ्यांना तेच ध्येय शिकवतो, पण तिथे पोचायचे मान्य मार्ग सगळ्यांना सारखे खुले ठेवत नाही, या ताणातून विचलन येतं.’ ही झाली व्याख्या, आणि सिद्धांताचं दारही उघडलं.

अर्धा_मुद्दा: पण व्याख्या दुर्खीमचीच लिहायची ना? प्रमाणकशून्यता त्याचीच संकल्पना, १८९७ च्या आत्महत्येवरच्या ग्रंथातली. मर्टनने १९३८ मध्ये नुसती उचलली.

तिसरा_बाक: शब्द उचलला, अर्थ बदलला. दुर्खीमकडे नियमन ढिलं पडतं आणि माणसाच्या इच्छांना लगाम उरत नाही. मर्टनकडे ती इच्छाच समाज शिकवतो. दुर्खीमची व्याख्या लिहून खाली मर्टन मांडलात, तर पहिला परिच्छेद दुसऱ्याच्या विरोधात उभा राहतो. आणि १८९७ काय, १८९३ च्या श्रमविभाजनावरच्या ग्रंथातही ही संकल्पना आहे.

अर्धा_मुद्दा: बरं बाबा, १८९३. सालाने अर्धा मार्क वाढतो का? आणि दुर्खीमशिवाय मर्टन लिहिणं म्हणजे पाया न घालता भिंत.

तिसरा_बाक: पाया एका वाक्यात घाला: ‘दुर्खीमपेक्षा वेगळं, मर्टन…’ इथे दुर्खीमचं काम तेवढंच. आत्महत्येचे चार प्रकार लिहायला बसलात, तर ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

अर्धा_मुद्दा: म्हणजे नाव घ्यायचंच! तेच तर सांगत होतो.

तिसरा_बाक: हो, तेच सांगत होतात. फक्त उलटं.

घाईत: मला पाच मार्कांच्या टिपा येतात. त्यातही चारही भाग लिहायचे का?

लाल_शाई: विषय दहा मार्कांचा आहे. तरी सांगतो, टिपेत निष्कर्ष गाळा, उदाहरण एका ओळीत.

कोरी_पुरवणी: उदाहरणाला चार मिनिटं कशाला? ‘आजकाल गुन्हेगारी वाढली आहे’, झालं.

लाल_शाई: हे उदाहरण कुठल्याही सिद्धांताखाली चिकटतं, म्हणून ते काहीच सिद्ध करत नाही. त्यात ध्येय कुठलं आणि मार्ग कुठला, हे दिसायला हवं. कॉपी घ्या. चांगले मार्क हे ध्येय विद्यार्थ्याला मान्य आहे, अभ्यासाचा मार्ग तो सोडतो, हे नवप्रवर्तन. शेजारचा पास व्हायची आशा सोडूनही रोज वही भरत बसतो. ध्येय गेलं, मार्ग उरला, हा कर्मकांडवाद. एकाच वर्गातले दोन प्रतिसाद सहा ओळींत बसतात. मग जोडवाक्य: ‘दोघांवरचा दबाव एकच आहे, म्हणून कारण त्यांच्या स्वभावात नाही, रचनेत आहे.’ हे वाक्य राहिलं की उदाहरण गोष्ट होऊन बसतं.

तिसरा_बाक: न समजता पाव-पाव पान भरणारा कुठल्या प्रकारात, ते सांगायला नको.

कोरी_पुरवणी: टोमणा पोचला. निष्कर्षाला तरी ‘अशा प्रकारे’ चालेल ना, की तिथेही शोधनिबंध?

लाल_शाई: वरचंच पुन्हा लिहिणार असाल तर दोन मिनिटं वाया. एक मर्यादा लिहा. कोहेनने १९५५ मध्ये दाखवलं, की टोळीतल्या मुलांच्या तोडफोडीतून पैसा मिळत नाही. ध्येय-मार्गाचा हिशोब तिथे तोकडा पडतो. दोन वाक्यं पुरे.

अर्धा_मुद्दा: मर्टनचा प्रश्न, आणि शेवटी मर्टनच चुकला म्हणायचं? मार्क कापतील.

तिसरा_बाक: चुकला नाही, तोकडा पडला. पण प्रश्न नुसता ‘स्पष्ट करा’ असेल तर मर्यादा लिहावी का, यावर माझंही लाल_शाईंशी जमत नाही. मी ती दोन मिनिटं सिद्धांताला देईन.

लाल_शाई: द्या. पण तिथेही ‘म्हणून’ येऊ द्या.

कोरी_पुरवणी: ठीक, पाव पान मागे घेतो. साल मात्र टाकणारच.