मदत हवी आहे: चीनमधल्या शाळेच्या क्रीडादिनाला चिनी भाषेत एक मिनिट बोलायचं आहे

सुझोउकर

नमस्कार मंडळी. मी नोकरीनिमित्त सुझोउला राहतो. मुलगी इथल्याच सरकारी प्राथमिक शाळेत चौथीत आहे. तिच्या शाळेचा क्रीडादिन (इथे युन्दोंगहुई म्हणतात) शुक्रवारी आहे आणि वर्गशिक्षिकेने वीचॅटवर विचारलं की पालकांच्या वतीने मुलांना प्रोत्साहन देणारे दोन शब्द बोलाल का. मी हो म्हणून बसलो.

माझं चिनी बाजारहाट, टॅक्सी आणि ऑफिसातल्या गप्पांपुरतं आहे. अक्षरं थोडीफार वाचता येतात, पण माइकवर वाचताना अडखळेन, म्हणून देवनागरीत लिहून घेणार आहे. नेटवर तयार भाषणं शोधली. सगळ्यांची सुरुवात "शरदातलं उंच आकाश, दरवळणारी ओस्मान्थसची फुलं" अशी आणि पुढे चार-चार अक्षरी वाक्प्रचारांची रांग. ते माझ्या तोंडी शोभेल का? साधं, मुलांना कळेल असं एक मिनिटाचं काय बोलावं? कच्चा मसुदा दिलात तरी उपकार होतील.

क्रीडाशिक्षक_सातारा

आपल्या शाळांत आता चिनीसुद्धा शिकवायला लागले का? आधी मुलांना मराठी नीट येऊ दे. बाकी क्रीडादिनाच्या भाषणाचं म्हणाल, तर पाहुण्यांना आम्ही आधीच सांगतो की मुलं रांगेत उन्हात उभी असतात, दोन मिनिटांच्या वर गेलात की मागच्या रांगा खाली बसायला लागतात.

सुझोउकर

सर, शाळा चीनमधलीच आहे :) पण उन्हाचा मुद्दा बरोबर. इथे आधी प्रत्येक वर्गाचं संचलन असतं, मंचासमोर आले की वर्ग आपली घोषणा ओरडतो, मग ध्वज, मुख्याध्यापक, पंच आणि खेळाडूंची शपथ. माझा नंबर त्यात कुठेतरी.

फ्लुएंट_होणारच

मी पुण्यात दोन लेव्हल केल्या आहेत. सोप्पं आहे. "नी हाओ" ने सुरुवात करा, मग "योउ यी दी यी, बी साय दी अर" म्हणजे मैत्री आधी, स्पर्धा नंतर. ही त्यांची प्रसिद्ध घोषणा आहे, ती हवीच. शेवटी "झू नी मन दोउ द दी यी मिंग", तुम्हा सगळ्यांचा पहिला नंबर येवो. आणि "जिया यो!", म्हणजे जोर लावा! टाळ्या हमखास.

यांगत्झेकाठी

मी बरीच वर्षं चीनमध्ये दुभाषाचं काम करतो, त्यामुळे थोडं सविस्तर.

फ्लुएंट यांची घोषणा खरी आहे. १९७१ ला चिनी टेबलटेनिस संघ नागोयाला जागतिक स्पर्धेत उतरला, त्या काळात ती गाजली. आजी-आजोबांना ती पाठ असते. आजच्या चौथीतल्या मुलांना ती भिंतीवरच्या पाटीसारखी वाटेल. चुकीची मुळीच नाही, पण तुमच्या एका मिनिटातले पाच सेकंद ती खाईल. सगळ्यांचा पहिला नंबर येवो हे मात्र गाळा. समोर इतर वर्गही उभे आहेत आणि ऐकणाऱ्यातल्या बहुतेकांचा नंबर येणार नाही हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. "नी हाओ" एकाला म्हणतात, मैदानाला "ता-च्या हाओ".

सुझोउकर, आकाश आणि ओस्मान्थस मुख्याध्यापकांना ठेवू द्या. ते त्यांच्याकडून अपेक्षितच असतं, आणि तीच ओळ दुसऱ्यांदा ऐकली की मुलं हसतात.

आता लांबी. बातम्या देणारे मिनिटाला दोनशेच्या वर अक्षरं सहज म्हणतात. मैदानावर कर्ण्याचा आवाज समोरच्या इमारतीवर आपटून परत येतो, त्यात तुम्ही परके, म्हणजे दीडशेच्या आत राहा. खालचं सव्वाशेच्या आत आहे, थांबायला जागा उरते.

*त्सुन-चिंग त लाओ-ष-मन, छिन-आय त थोंग-श्युए-मन, ता-च्या षांग-वू हाओ!*
*वो लाय-त्स यिन-तू. न्यू-अर त्साय स न्येन-ची सान पान.*
*त्स्वो-थ्येन वान-षांग था वन वो: पा-प, वो फाओ त मान, त्सन-म पान?*
*वो ष्वो: मान मेय क्वान-शी. प्ये थिंग श्या-लाय, फाओ ताओ चोंग-त्येन च्यो हाओ.*
*चिन-थ्येन, यो-त थोंग-श्युए फाओ-पू, यो-त थोंग-श्युए थ्याओ-षंग, यो-त थोंग-श्युए हान च्या-यो. षाओ ल षेय तोउ पू शिंग!*
*यिंग ल, कन त्वेय-षोउ वो-वो-षोउ. षू ल, ये केय प्ये-रन कू-कु-चांग.*
*त्स्वेय-होउ, चू ता-च्या साय छू ष्वेय-फिंग, चू-यी आन-छ्वेन! श्ये-श्ये ता-च्या!*

मराठीत अर्थ: आदरणीय शिक्षक, प्रिय विद्यार्थी, सुप्रभात. मी भारतातून आलोय, मुलगी चौथीच्या तिसऱ्या तुकडीत आहे. काल रात्री तिने विचारलं, बाबा, मी हळू पळते, काय करू? मी म्हटलं, हळू तर हळू. थांबू नकोस, शेवटच्या रेषेपर्यंत पोचलीस की झालं. आज कोणी धावणार, कोणी दोरीच्या उड्या मारणार, कोणी ओरडून हुरूप देणार. यातलं कोणीही कमी असून चालणार नाही. जिंकलात तर समोरच्याशी हात मिळवा, हरलात तरी दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवा. शेवटी, सगळ्यांचा खेळ रंगो, स्वतःला जपा. धन्यवाद. (मुलगी कोणत्या तुकडीत आहे हे मी अंदाजाने घातलंय, बदलून घ्या.)

दोरीच्या उड्या मुद्दाम घेतल्या. चीनमध्ये प्राथमिक शाळेत एका मिनिटात किती उड्या हे शारीरिक चाचणीतच मोजतात, त्यामुळे पळण्यात मागे असलेली कितीतरी मुलं त्यात तरबेज असतात. आणि हुरूप देणारी मुलं तिथे खरंच कामावर असतात, वर्गासाठी चिठ्ठ्या लिहून माइकवर वाचायला पाठवतात.

मंचावर मुख्याध्यापक किंवा शिक्षण खात्याचं कोणी असेल तर पहिल्या ओळीत शिक्षकांच्या आधी "क-वेय लिंग-ताओ", म्हणजे मान्यवर अधिकारी, असं घाला. कोण असेल ते वर्गशिक्षिका सांगेल. तिला मसुदा आधी पाठवाच. ती एखादा चार अक्षरी वाक्प्रचार घुसवेल, तेवढा मान्य करा.

फ्लुएंट_होणारच

पण तुम्ही सगळीकडे प, त, च का लिहिलंय? पिन्यिनमध्ये, म्हणजे रोमन लिपीत लिहिलेल्या चिनीत, तर बी, डी, जे आहे. आम्हाला "दा जिया" असंच शिकवलं.

यांगत्झेकाठी

पिन्यिनची अक्षरं इंग्रजीच्या सवयीने वाचली की असं होतं. चिनी भाषेत ब, द, ग हे आवाज नाहीतच. तिथला फरक प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांचा आहे, म्हणजे आपल्याला बालवाडीपासून येणारा. बी दिसलं की प म्हणा, पी दिसलं की फ. फक्त हा फ ओठ मिटून, फळ म्हणताना जुनी माणसं म्हणतात तसा. दात ओठावर आले की तो वेगळाच आवाज होतो.

"बी साय" म्हटलं तरी कळतं, संदर्भाने निभावतं. खरी गडबड उलट बाजूला आहे. धावणे म्हणजे "फाओ". तुम्ही पिन्यिनमधलं पी बघून साधा "पाओ" म्हणालात, तर त्याच सुरात, म्हणजे आवाजाच्या त्याच चढउतारात, "पोट भरलं" असा शब्द आहे. "बाबा, माझं पोट हळू भरतं" असं मैदानभर ऐकू गेलं तर चौथीची पोरं वर्षभर सोडणार नाहीत.

च चे दोन प्रकार आपल्याकडे आहेतच. "च्या-यो" मधला चहाचा. "त्सुन", "त्स्वो" मध्ये चमच्याचा, तो मी त्स लिहिलाय. "चोंग", "चू", "चांग" मध्ये मात्र जीभ ट म्हणताना जाते तशी मागे वळवायची. ष साठीही तसंच.

सूर मी लिहिलेले नाहीत, सुरांचे आकडे टाकले असते तर तुम्ही आकडे वाचत बसला असता. मुलीकडून एकेक ओळ फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि तिच्यामागून म्हणा. एक जागा मात्र सांगतो: "वो फाओ" मध्ये दोन्ही शब्द खाली जाऊन वर येणाऱ्या सुराचे आहेत. ते लागोपाठ आले की पहिला सरळ वर चढतो, प्रश्न विचारल्यासारखा. दोन्ही खाली ओढलेत तर वाक्य रेंगाळतं.

शिंचूची_मावशी

आम्ही तैवानला असतो. इथे शाळेचा वर्धापनदिन आणि क्रीडादिन बहुधा एकत्रच करतात, शनिवारी, म्हणजे पालक येऊ शकतात. इथल्या प्राथमिक शाळेत मुलांना "श्याओ-फंग-यो-मन", म्हणजे छोट्या मित्रांनो, असं म्हटलेलं जास्त ऐकते, आणि सुरुवात मुख्याध्यापकांपासून. "लिंग-ताओ" असं कोणी म्हणत नाही.

पण मला वेगळंच खटकलं. "माझी मुलगी हळू पळते" हे तिच्या बाबांनी सगळ्या शाळेसमोर सांगायचं? अख्ख्या चौथीत एकच भारतीय मुलगी असणार, सगळ्यांना कळेल कोण ते. माझ्या लेकाबद्दल नवऱ्याने असंच प्रेमाने काही सांगितलं होतं, तो घरी येऊन बोलेना.

यांगत्झेकाठी

मावशी, मुद्दा रास्त आहे. तिला विचारून ठरवा. ती नको म्हणाली तर "था वन वो" ऐवजी "यो क हाय-त्स वन वो", एका मुलाने मला विचारलं. आणि पुढचं "पा-प" काढून "षू-षु" घाला, म्हणजे काका. पण मग मुलीच्या वर्गाचं वाक्यही काढा, नाहीतर अंदाज बांधायला वेळ लागत नाही.

मला स्वतःला मूळ वाक्य बरं वाटतं. पालक बोलतात ते ऐकावंसं वाटतं ते घरातलं काही असतं म्हणूनच.

क्रीडाशिक्षक_सातारा

चीनमधलं आहे हे आत्ता नीट वाचलं, क्षमस्व. मावशींशी सहमत. हळू पळणाऱ्या मुलाचं नाव माइकवर घ्यायचं नसतं, कौतुकानेसुद्धा नाही.

फ्लुएंट_होणारच

घोषणा ठेवा हो! माझ्या मॅडम म्हणाल्या अजूनही शाळांच्या फलकांवर असते.

सुझोउकर

सगळ्यांचे आभार, विशेषतः यांगत्झेकाठी. मुलीला विचारलं. ती म्हणाली, सांग, पण "मी हळू पळते" नको, "मी चारशे मीटरमध्ये हळू आहे" असं सांग, कारण पन्नास मीटरमध्ये ती वर्गात तिसरी आहे. म्हणजे आता "वो स-पाय मी फाओ त मान". बरोबर होईल ना हे?

वर्गशिक्षिकेने मसुद्यात फ्लुएंट यांची घोषणा घातली आहे :) आणि "लिंग-ताओ" हवेत असं कळवलंय. "फाओ" वर सध्या घरात कडक पहारा आहे.

एक उरलं. मुलगी म्हणते "हात मिळवा" हे तिच्या वर्गात कोणी करत नाही, रिले संपली की मुलं नुसती टाळी देतात. वाक्य बदलू की राहू दे? बाकी सूचनेच्या खाली "यू-थ्येन षुन-येन" लिहिलंय, पाऊस आला तर पुढे ढकलणार, आणि शुक्रवारचा अंदाज पावसाचाच आहे.

यांगत्झेकाठी

"स-पाय मी" नंतर लगेच "फाओ" आणलंत तरी कळतं, पण "वो फाओ स-पाय मी हन मान" जास्त सहज वाटेल. टाळीसाठी "ची-क-चांग" म्हणतात. "कन त्वेय-षोउ ची-क-चांग", बसतं नीट. पुढच्या वाक्यातही चांग आहे, कानाला उलट बरंच लागेल. मुलीला एकदा म्हणून दाखवा, तिला खटकलं तर माझं ऐकू नका.